आक्काचे दोन कागद आणि अण्णाचा एक

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले एक कुटुंब माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याकडे हक्कसोडीचा एक कागद आधीच होता. धाकट्या भावाने तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. शंभर रुपयांचा स्टॅम्प, खाली नोटरीचा गोल शिक्का आणि वर २०१४ सालची तारीख. मजकूर एवढाच, की "वडिलांच्या मिळकतीत मला येणारा हिस्सा मी राजीखुशीने सोडला आहे." खाली आक्काची सही. धाकट्याला फक्त हे विचारायचे होते, की या कागदावर उताऱ्यातून आक्काचे नाव कमी होईल का.

होणार नव्हते. वडील वारले २०२२ मध्ये. म्हणजे २०१४ मध्ये ते हयात होते आणि जमीन त्यांच्या एकट्याच्या मालकीची होती. आक्काकडे त्या दिवशी सोडायला हिस्साच नव्हता, होती ती फक्त पुढे कधीतरी वारस होण्याची शक्यता. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी शक्यता कुणाला देता येत नाही आणि सोडताही येत नाही. आक्काने त्यावेळी पैसे घेतले असते तर भावांना तिच्याविरुद्ध निदान वाद घालायला जागा मिळाली असती. पण तिने रुपयाही घेतला नव्हता. शिवाय कागद नोंदवलेला नव्हता. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का फार तर सही कुणाची हे सांगतो, हक्क इकडचा तिकडे करत नाही.

असे कागद आपल्या भागात घरोघरी आहेत. लग्न झाल्यावर, एखाद्या सणाला माहेरी आलेल्या बहिणीची सही घेऊन ठेवायची, ही जुनी पद्धत. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कुटुंब ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत आणि हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

घरात कोण, मिळकत काय

वडिलांमागे चौघे: आई, थोरला अण्णा, आक्का आणि धाकटा. अण्णा पुण्यात नोकरीला. आक्का चंदगड तालुक्यात दिलेली, म्हणजे तासाभराच्या वाटेवर पण महाराष्ट्रात. धाकटा गावातच, शेती त्याच्याकडे, आईही त्याच्याजवळ. वडिलांचे शेवटचे दोन आजारी वर्षे त्यानेच काढली.

मिळकती दोन. दोन एकर शेत आणि ग्रामपंचायत हद्दीतले घर. दोन्ही वडिलांनी स्वतः विकत घेतलेले. जुनी नोंदलेली खरेदीखते घरात होती आणि ईसीत, म्हणजे भार प्रमाणपत्रातही त्याच नोंदी दिसल्या. मृत्युपत्र नव्हते.

मिळकत स्वकष्टाची की वडिलोपार्जित, हे मी सगळ्यात आधी तपासतो, कारण पुढचा कागद कोणता ते यावर ठरते. स्वकष्टाची असेल आणि मालक मृत्युपत्र न करता वारला असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने वारसांना ठरावीक हिस्से मिळतात. इथे चौघांना पाव-पाव. प्रत्येकाला आपला पाव हिस्सा विकता येतो, देता येतो. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे वाटणी होण्याआधी एका सहदायादाने, म्हणजे जन्मानेच हक्क असलेल्या हिस्सेदाराने, आपला हिस्सा दुसऱ्याला बक्षीस द्यायचा तर बाकीच्यांची संमती लागते, नाहीतर बक्षीसपत्र टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या थम्मा वेंकट सुब्बम्मा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

अण्णाचे पहिले म्हणणे होते, "लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा २००५ नंतरचा ना वो?" ही गल्लत बऱ्याच जणांची होते. २००५ ची दुरुस्ती, आणि त्याआधीची कर्नाटकाची १९९४ ची, या दोन्ही वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवण्यासाठी होत्या. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच मुलाएवढी वारस आहे. तिचे लग्न झाले की नाही याचा इथे संबंध नाही.

पहिले काम म्हणून पौती खाते, म्हणजे वारस नोंद केली. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ देऊन शेताच्या आरटीसीत, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यात, नवव्या रकान्यात चौघांची नावे लावली. घराच्या ई-स्वत्तू उताऱ्यावर, म्हणजे फॉर्म ९ आणि ११ वर, तशीच वारसा नोंद केली. यात काही महिने गेले आणि धाकटा चिडला. "जे नाव काढायचंय ते आधी लावायचं कशाला?" असे त्याचे म्हणणे. पण देणाऱ्याचा हक्क रेकॉर्डला दिसल्याशिवाय त्याने दिलेला कागद पुढे सरकत नाही. आणि आक्काचे नाव एकदा तरी उताऱ्यावर यावे, असे मला मनापासून वाटत होते. ज्या माणसाने काही दिले, त्याच्याजवळ ते होते हे कुठेतरी लिहिलेले असावे.

प्रत्येकाला नेमके काय हवे होते

तिघांना मी वेगवेगळे बसवून विचारले. एकत्र विचारले की सगळे म्हणतात, "सगळ्यांची हक्कसोड करून टाका." वेगळे विचारले की खरी इच्छा कळते.

आक्का म्हणाली, "शेत धाकट्यालाच जाऊ दे. बापाला त्यानं बघितलंय. घराचं म्हणाल तर मला काय नको वो. आई आहे, अण्णा गणपतीला येतोय, त्यांचं त्यांना ऱ्हाऊ दे."

या बोलण्यात दोन वेगळे दस्त आहेत. शेताबाबत ती एका ठरावीक माणसाला काही देते आहे. ते बक्षीसपत्र. घराबाबत ती कुणाला काही देत नाही, फक्त स्वतः बाजूला होते आणि उरलेले तिघे आपोआप मोठे होतात. ती हक्कसोड.

फरक नुसत्या शब्दांचा नाही. हक्कसोड करणारा नवा मालक तयार करत नाही. ज्याचा आधीच हक्क आहे त्याच्या हक्कावरचे एक ओझे तो काढून घेतो. म्हणून हक्कसोड सहहिस्सेदाराच्या लाभातच होते, आणि साध्या हक्कसोडीत सुटलेला हिस्सा उरलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांकडे जातो. आक्काने शेताचीही साधी हक्कसोड केली असती, तर तिचा पाव हिस्सा आई, अण्णा आणि धाकटा या तिघांत वाटला गेला असता. तिला द्यायचे होते एकट्या धाकट्याला, आणि उद्या अण्णाची मुले म्हणाली असती, "आत्तीनं आमच्या बाबांसाठीही सोडलंय." हक्कसोडीत एकट्या धाकट्याचे नाव घालायचे म्हटले, तर तो दस्त नावाने हक्कसोड आणि आतून बक्षीस ठरतो. न्यायालये दस्ताचे शीर्षक पाहत नाहीत, आतली भाषा पाहतात. १९६७ च्या कुप्पुस्वामी चेट्टियार प्रकरणात हक्कसोड म्हणून केलेला दस्त सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस म्हणून धरला. ती संदिग्धता आपण होऊन कशाला ठेवायची?

म्हणून आक्काचे दोन कागद केले. शेताच्या पाव हिस्स्याचे धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र. घरातल्या पाव हिस्स्याची आई, अण्णा आणि धाकटा या तिघांच्या लाभात हक्कसोड.

अण्णाची गोष्ट वेगळी होती. त्याला शेत नको होते, पण फुकट सोडायचेही नव्हते. दोघा भावांत आठ लाख ठरले होते. अण्णा माझ्यासाठी एक मसुदाच घेऊन आला होता. त्याच्या ओळखीच्या एका बाँड रायटरने लिहिलेले बक्षीसपत्र, "प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता". आठ लाखांचा त्यात उल्लेख नव्हता. ते पैसे "आतल्या आत" द्यायचे ठरले होते.

खर्चाचा हिशोब

तो मसुदा कशासाठी होता ते उघड आहे. कर्नाटकात नवरा-बायको, मुलगा, मुलगी, सून, आई-वडील, भाऊ, बहीण आणि नातवंडे यांना दिलेल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क मिळकतीच्या किमतीवर लागत नाही. ठरलेली रक्कम लागते. मिळकत ग्रामपंचायतीत आहे, नगरपालिकेत आहे की महापालिकेत, यावर ती कमी-जास्त होते, पण सगळे काही हजारांत आटोपते. नात्यातल्या हक्कसोडीचेही तसेच. नोंदणी फीसुद्धा या दोन्हींत टक्केवारीने नसते. आक्काच्या दोन्ही दस्तांचा सरकारी खर्च मिळून एका साध्या लग्नाच्या आहेराएवढा झाला.

खरेदीखताला मात्र नाते चालत नाही. भावाने भावाला विकले काय आणि परक्याला विकले काय, शुल्क तेच. आकारणी होते ती ठरलेली किंमत आणि गायडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर. शेताची गायडन्स व्हॅल्यू सगळी मिळून चाळीस लाख, अण्णाचा पाव हिस्सा दहा लाखांचा. भावाभावांत आठ लाख ठरले तरी शुल्क दहा लाखांवरच.

दहा लाखांवर ५ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५०,००० रुपये. त्या पन्नास हजारांवर १० टक्के सेस, म्हणजे ५,०००. पुन्हा त्याच पन्नास हजारांवर ग्रामीण भागाचा ३ टक्के अधिभार, म्हणजे १,५००. शहरी भागात हा अधिभार २ टक्के असतो. झाले ५६,५००. वर नोंदणी फी. ही पूर्वी १ टक्का होती, ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली. दहा लाखांवर २०,०००. एकूण ७६,५०० रुपये.

आकडा ऐकून धाकटा गप्प झाला. अण्णा म्हणाला, "भावाभावांत एवढं कशाला? बक्षीसच करा."

मी ते केले नाही, आणि का केले नाही ते दोघांना त्यांच्या-त्यांच्या बाजूने समजावून सांगितले. सरकारचे पैसे बुडतात हे सांगून कुणी ऐकत नाही. स्वतःचे काय बुडते ते सांगितले की ऐकतात.

अण्णाला म्हटले, आठ लाखांतले चार आज मिळणार आणि चार पुढच्या वर्षी ऊस गेल्यावर. बक्षीसपत्रात लिहिलेय की मोबदला नाही. पुढच्या वर्षी चार लाख आले नाहीत तर काय दाखवून मागणार? बक्षीस ही मोबदल्याशिवायच असते, ही तिची व्याख्याच आहे, आणि आपल्या सहीने तुम्ही तेच कबूल केलेले असेल. खरेदीखतात बाकी रक्कम लिहिलेली असली, तर ती मिळेपर्यंत विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने ते संरक्षण विकणाऱ्याला दिले आहे. बक्षीस देणाऱ्याला ते नाही.

धाकट्याला म्हटले, तू आठ लाख देणार, पण कागदावर तू एक रुपयाही दिलेला नसणार. उद्या अण्णाच्या घरात कुणी म्हणाले की फसवून बक्षीस लिहून घेतले, तर तुझ्या बँकेतून गेलेले आठ लाख कशाचे हे तू कोर्टात सांगायला जाशील, आणि समोरचा वकील तुझेच बक्षीसपत्र तुझ्यापुढे धरेल. पैसे रोखीने दिलेस तर तेही नाही. जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मान्यच नाही. आणि खरेदीसाठी कर्ज काढायचे म्हटले तर बँक खरेदीखत मागणार, बक्षीसपत्रावर कर्ज कोण देणार?

मग धाकट्याने बरोबर तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. "हक्कसोड करताना पैसे घेतलेले चालत नाहीत का?" चालतात. हक्कसोड मोबदला घेऊनही करता येते, बक्षीसपत्रापासून तिचा हा मोठा फरक आहे. आणि त्या शेतात अण्णा आणि धाकटा असे दोघेच हिस्सेदार उरले असते, तर मीही त्याच वाटेने गेलो असतो. एकजण सोडतो, उरलेला एकटा पूर्ण मालक होतो, घेतलेली रक्कम दस्तात स्पष्ट लिहायची. पण इथे आई होती. अण्णाने सोडलेला हिस्सा आई आणि धाकटा दोघांकडे गेला असता, आणि पैसे देणारा मात्र एकटा धाकटा. आईला वगळून लिहिले की तो पुन्हा आतून विक्रीच, आणि सबरजिस्ट्रारने तो विक्री म्हणून धरला की शुल्कही विक्रीचेच.

दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला. "खरेदीच करा, साहेब." ७६,५०० रुपयांची तजवीज त्याने कशी केली ते मला ठाऊक आहे. म्हशीसाठी ठेवलेले पैसे होते ते. ज्याला हा आकडा जड जातो त्याला मी कधी हलक्यात घेत नाही. पण त्या पैशात त्याने अण्णाच्या पाव हिस्स्याची अशी मालकी घेतली, जी त्याच्या मुलांनाही कुणापुढे सिद्ध करत बसावी लागणार नाही.

आयकराची भीती अण्णाला होती. हे शेत नगरपालिका हद्दीपासून दूर, खेड्यात. अशी शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर येत नाही. बेळगाव शहराच्या कडेला असती तर हे उत्तर बदलले असते. आक्काकडून मिळालेल्या बक्षिसावर धाकट्याला कर नाही, कारण बहीण आयकराच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक आहे.

सीमेपलीकडचा सल्ला

आक्काचा मुलगा कोल्हापुरात असतो. त्याने फोनवर सांगितले, "मामा, एवढं कशाला? आमच्याकडे दोनशे रुपयांत बक्षीसपत्र होतंय. इकडंच करूया."

आपल्या पट्ट्यात हे नेहमी होते. नाती दोन राज्यांत पसरलेली, मोबाईलवर फिरणारी माहिती मराठीतली, म्हणून महाराष्ट्राची, आणि जमीन मात्र कर्नाटकातली. शुल्क आणि नोंदणी जमीन जिथे आहे तिथली. खानापूर तालुक्यातल्या शेताचा दस्त चंदगडच्या किंवा कोल्हापूरच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येत नाही, आणि तिथे केलेला कागद इकडे आणला तर त्याला कर्नाटकाचा मुद्रांक लागतोच.

शिवाय ते दोनशे रुपये महाराष्ट्रातही भावाला लागू नाहीत. तिथली ती सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला, आणि घेणारे नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा वारलेल्या मुलाची बायको असेल तरच. बहिणीने भावाला दिले तर महाराष्ट्रात ३ टक्के पडतात. कर्नाटकात मात्र भाऊ-बहीण ठरीव रकमेच्या यादीत आहेत. म्हणजे आक्काचा कागद इकडेच स्वस्त होता.

यादीचा दुसरा धडा अण्णाने दिला. मध्येच त्याने सुचवले, की आक्काने हिस्सा धाकट्याच्या मुलाला द्यावा, "पुढं पुन्हा खर्च नको." नातवाला दिलेले यादीत आहे, भाच्याला दिलेले नाही. आक्काने भावाच्या मुलाला बक्षीस दिले असते तर परक्याला दिल्यासारखे पूर्ण ५ टक्के लागले असते. जावयाचेही तसेच, सून यादीत आहे आणि जावई नाही. प्रत्येक दस्ताची नात्यांची यादी कायद्यात वेगळी दिलेली आहे, बक्षीसपत्राची यादी पाहून हक्कसोडीचा अंदाज करू नये.

कानडी कागद आणि आक्काची सही

मसुदे कानडीत झाले. आमच्या तालुक्यातल्या सबरजिस्ट्रार ऑफिसात आता कानडीच चालते आणि कावेरी २.० या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर मसुदा चढवायचा, तो तपासून येईपर्यंत थांबायचे, फी ऑनलाइन भरायची आणि मग वेळ घ्यायची, असा क्रम आहे. आक्काला कानडी बोललेले कळते, वाचता येत नाही. तिच्या दोन्ही दस्तांची मी मराठी प्रत करून तिला आठ दिवस आधी दिली.

तिने फोन केला तो एका शब्दासाठी. कानडीत बक्षीसपत्राला दानपत्र म्हणतात. "दान म्हणायचं असलं तर नको. भाऊ काय माझा भिकारी आहे?" मी समजावले, की हा नुसता कायद्याचा शब्द आहे. तरी दस्ताच्या पहिल्या परिच्छेदात "धाकट्या भावाने वडिलांची शेवटपर्यंत सेवा केली म्हणून" हे वाक्य तिच्या सांगण्यावरून घातले. त्याने कायद्यात काही बदलत नाही. तिला मात्र आपल्या सहीवर आपले म्हणणे दिसले.

खरी अडचण नावाची आली. आरटीसीत तिचे माहेरचे नाव, वडिलांच्या नावासकट, कानडीत. आधार कार्डावर सासरचे नाव, नवऱ्याच्या नावासकट, मराठीत. दोन्ही एकच बाई हे दस्तावर कुठे दिसत नव्हते. सीमेपलीकडे दिलेल्या प्रत्येक मुलीचा हा घोळ असतो, आणि तो लक्षात येतो तो नेमका खिडकीपाशी उभे राहिल्यावर. दस्तात "माहेरचे नाव अमुक, लग्नानंतरचे नाव तमुक, दोन्ही एकच व्यक्ती" असे लिहिले, शाळेचा दाखला आणि लग्नाची नोंद जोडली, आणि ओळख पटवायला गावातलेच दोन माणसे आणली.

मुखत्यारपत्रावर काम करावे असे तिच्या मुलाचे म्हणणे होते. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे आक्का जिथे राहते तिथल्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करता आले असते. नोटरीचे चालले नसते. पण बहिणीने काही देऊन टाकायचे असेल तर तिने स्वतः येऊन, फोटो आणि अंगठा देऊन सही करावी, या मताचा मी आहे. पुढच्या वादांत पहिला प्रश्न हाच असतो, की तिला कळले होते का.

त्या दिवशी आक्का सकाळच्या बसने आली. बक्षीसपत्रावर तिची सही, दोन साक्षीदार, आणि धाकट्याची सही. धाकट्याची सही महत्त्वाची, कारण बक्षीस स्वीकारले पाहिजे, तेही देणारा जिवंत असताना, आणि ते दस्तातच दिसलेले बरे. बक्षीसपत्राला निदान दोन साक्षीदारांची साक्ष कायद्याने लागतेच. हक्कसोडीला तेवढी कडक अट नाही, तरी तिथेही दोन घेतले. सह्यांआधी मी दोन्ही दस्त तिला मराठीतून वाचून दाखवले आणि तसे शेवटी लिहिले.

आईचे राहिले होते. तिलाही आपला पाव हिस्सा धाकट्याला देऊन टाकायचा होता, "आता मला काय करायचंय जमिनीचं?" मी थांबवले. द्यायचेच असेल तर जिवंत असेतो वापराचा हक्क राखून आणि सांभाळण्याची अट दस्तात लिहून द्या, म्हणजे उद्या सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीस रद्द करून मागता येते. अट दस्तात नसेल तर ते सिद्ध करणे जड जाते. आईने एक दिवस विचार केला आणि म्हणाली, "मग असू दे की तसंच." तिचा हिस्सा तिच्याकडे राहिला. धाकट्याचे तोंड जरा उतरले, पण तो काही बोलला नाही.

नोंदणीनंतर सबरजिस्ट्रार ऑफिसातून जे-स्लिप, म्हणजे दस्त नोंदल्याची सूचना, भूमी या जमीन नोंदींच्या यंत्रणेत तहसीलदारांकडे जाते आणि फेरफार सुरू होतो. ते आपोआप होते म्हणून लोक उतारा पाहायला जात नाहीत. इथे पहिल्या फेरफारात अण्णाचा हिस्सा धाकट्याकडे गेला, पण आक्काचे नाव नवव्या रकान्यात तसेच राहिले, कारण बक्षीसपत्राच्या नोंदीत तिचे सासरचे नाव गेले होते आणि उताऱ्यात माहेरचे होते. दस्ताची प्रत आणि नावाचा परिच्छेद दाखवून अर्ज केला, तेव्हा ते दुरुस्त झाले. घराच्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे, म्हणजे विकास अधिकाऱ्याकडे, हक्कसोडीची प्रत वेगळी द्यावी लागली.

आता शेतात धाकट्याचा पाऊण आणि आईचा पाव हिस्सा आहे. घरावर तिघांची नावे आहेत. २०१४ चा तो शंभर रुपयांचा कागद धाकट्याने मला परत मागितला नाही. तो माझ्या कपाटात, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आहे.